परीक्षेनंतरचं पत्र

वाशिंद

प्रिय भाचीस अनेक आशीर्वाद,

शनिवारी, १३ तारखेला, कोडिंगची ऑनलाइन परीक्षा दिलीस आणि सोमवारीच रिक्रूटरला मेल करू का विचारतेस. थोडी थांब. लिंक बुधवार, १७ तारखेपर्यंत खुली आहे, म्हणजे तोवर इतर उमेदवार परीक्षा देत राहतील. तुझा कोड यंत्राने तेव्हाच तपासला असेल, पण सगळे निकाल हाती आल्यावर किती गुणांपर्यंतच्या उमेदवारांना पुढे बोलवायचं, हे बहुधा कंपनीची टीम ठरवते. कोणाचा कोड दुसऱ्याशी जुळतोय का, हेही पाहिलं जातं. म्हणून बुधवारनंतर कामाचे पाच दिवस जाऊ दे. शनिवार-रविवार मोजू नकोस. गुरुवारी, २५ तारखेला सकाळी लिही.

परीक्षेची लिंक ज्या मेलने आली, त्याला उत्तर देऊ नकोस. तो सहसा यंत्राकडून येतो आणि तिथलं उत्तर कोणी वाचत नाही. रिक्रूटरने स्वतः लिहिलेला मेल काढ आणि त्यालाच उत्तर दे, म्हणजे आधीचं बोलणं त्यांच्यासमोर राहील. कसाऱ्याच्या लोकलमध्ये उभ्याने लिहू नकोस. धक्काबुक्कीत त्यांच्या नावाचं स्पेलिंग चुकतं आणि ते त्यांच्या डोळ्यांत लगेच भरतं. मजकूर साधारण असा ठेव, तू तो इंग्रजीत लिहिशीलच:

‘नमस्कार. सॉफ्टवेअर इंजिनियर पदासाठीची ऑनलाइन परीक्षा मी १३ तारखेला पूर्ण केली. पुढचा टप्पा कोणता आणि त्याबद्दल साधारण कधीपर्यंत कळेल, हे सांगू शकाल का? मुलाखतीसाठी मी कोणत्याही दिवशी दुपारनंतर उपलब्ध आहे.’

खाली नाव आणि फोन नंबर. बस, एवढंच. दुसरा प्रश्न कसा सोडवला, वेळ मिळाला असता तर काय केलं असतं, हे घालू नकोस. रिक्रूटर बहुतेक वेळा कोड वाचत नाहीत, आणि प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत ही अट तू परीक्षेआधी मान्य केलेली असते. गुणही विचारू नकोस. पुष्कळ कंपन्या ते सांगतच नाहीत.

परीक्षेच्या मध्येच लाइट गेली होती असं म्हणालीस. ती गोष्ट मात्र २५ तारखेपर्यंत ठेवू नकोस, आजच कळव. किती वाजता गेली, किती वेळाने परत जोडली गेलीस, तेव्हा कोणता प्रश्न चालू होता, एवढं लिही आणि स्क्रीनशॉट असेल तर जोड. निकाल लागल्यावर हेच सांगितलंस तर ती सबब वाटेल.

दुसऱ्या कंपनीची ऑफर हातात असेल आणि तिला उत्तर द्यायची तारीख ठरलेली असेल, तर ती तारीख एका वाक्यात सांग. नसेल तर खोटी तारीख लिहू नकोस; ऑफरचं पत्र मागितलं तर दाखवशील काय?

उत्तर आलं नाही तर आठवड्याने त्याच मेलखाली दोन ओळी लिही. त्यानंतर पुन्हा मेल नको. तोवर बाकीचे अर्ज चालू ठेव, आणि २५ चा मजकूर पाठवण्याआधी मला दाखव.

तुझा,
मामा