कॅश-आउटची खरी किंमत किती?

इंग्लंडमधला फुटबॉल सामना. यजमान संघ जिंकेल म्हणून तुम्ही सामन्याआधी २० पाउंड लावले, भाव ३.००. म्हणजे जिंकलात तर हातात ६० पाउंड. सत्तराव्या मिनिटाला यजमान १-० ने पुढे आहेत आणि मोबाइलवर बुकमेकर म्हणतो, ‘आत्ताच ४३ पाउंड घ्या आणि मोकळे व्हा.’ घ्यावेत का?

बहुतेक जण ४३ ची तुलना आपल्या २० पाउंडांशी करतात आणि खूश होतात. पण ते २० आता हिशेबात नाहीत. तुमच्याकडे आहे ती ६० पाउंडांची एक चिठ्ठी, आणि तिची आजची किंमत ठरते उरलेल्या वीस मिनिटांत यजमान टिकण्याच्या शक्यतेवर.

ही शक्यता त्याच क्षणाच्या चालू भावांतून काढता येते. समजा, यजमानांचा भाव १.१८, बरोबरीचा ५.५० आणि पाहुण्यांचा २९ आहे. १०० ला प्रत्येक भावाने भागा: ८४.७, १८.२ आणि ३.४. बेरीज १०६.३ येते. शक्यतांची बेरीज १०० च्या वर जाऊ शकत नाही, वरचे ६.३ म्हणजे बुकमेकरची कमाई. ती काढायला ८४.७ ला १०६.३ ने भागा. खरी शक्यता निघते सुमारे ८० टक्के.

आता ६० चे ८० टक्के म्हणजे ४८ पाउंड. ही चिठ्ठीची रास्त किंमत. देऊ केले ४३. म्हणजे कॅश-आउटची फी ५ पाउंड, दहा टक्क्यांहून जास्त. ती पावतीवर कुठेच दिसत नाही.

उलट बाजूने तपासायचे तर ४३ ला ६० ने भागा. ७२ टक्के येतात. यजमान जिंकण्याची शक्यता ७२ टक्क्यांहून कमी आहे असे मानायला ठोस कारण तुमच्याकडे असेल, तरच हा सौदा फायद्याचा.

दोन सावधगिऱ्या. भाव आणि कॅश-आउटची रक्कम एकाच क्षणी पाहा. गोल किंवा लाल कार्डानंतर दोन्ही बदलतात. आणि ही पद्धत ढोबळ आहे: बुकमेकर आपली कमाई बहुधा कमी शक्यतेच्या निकालांवर जास्त लादतो, त्यामुळे पुढे असलेल्या संघाची खरी शक्यता ८० च्या थोडी वरच असू शकते. मग ४३ आणखीच तोकडे ठरतात.

हे गणित ब्रिटनसारख्या ठिकाणचे, जिथे परवानाधारक बुकमेकरकडे पैज कायदेशीर आहे. भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी आहे.

रास्त किमतीच्या दोन-तीन टक्के खाली मिळत असेल आणि ती रक्कम गमावणे परवडणारे नसेल, तर घ्या. दहा टक्के कापले जात असतील, तर ते मनःशांतीचे फार महाग बिल आहे. आणि गमावणे परवडणारे नव्हते, तर चूक सत्तराव्या मिनिटाची नाही, पहिल्या २० पाउंडांची आहे.