शिळेवरचा नुक्ता

(जुने शिलालेख व कागदपत्रे वाचणे हे उपजीविकेचे एक साधन आहे. उर्दू जाणणाऱ्या विद्यार्थ्यांना या क्षेत्रात कोणती संधी आहे व तिच्या मर्यादा कोणत्या, ते या पाठात सांगितले आहे.)

बीड शहराजवळ खजाना बावडी नावाची जुनी विहीर आहे. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहाच्या काळात सलाबतखानाने ती बांधवली. ते वर्ष हिजरी 991 होते, असे सांगतात. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे इसवी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून हिजरी सनाला 0.97 ने गुणून त्यात 622 मिळवले, की इसवी सन साधारणपणे कळतो. 991 चा इसवी सन 1583 येतो.

हिशेब सोपा आहे. दगडावरचा सन वाचणे मात्र कठीण असते. अनेक फारसी शिलालेखांत सन अंकांत नसून अरबी शब्दांत असतो. अक्षरे एकमेकांत गुंफलेली असतात. वर चुन्याचे थर बसलेले असतात.

अशा लेखाचा प्रथम ठसा घेतात. दगड पाण्याने व मऊ ब्रशने स्वच्छ करतात. त्यावर ओला कागद पसरून तो ब्रशने हलके ठोकतात. कागद अक्षरांच्या कडांना घट्ट बसतो. तो थोडा सुकला, की शाई लावलेली कापडी गादी त्यावरून टेकवत नेतात. दख्खनमधल्या फारसी लेखांची अक्षरे बहुधा उठावाची असतात. म्हणून ठशात अक्षरे काळी आणि जमीन पांढरी दिसते. खोदलेल्या अक्षरांच्या बाबतीत याच्या उलट होते. चाकूने खरवडणे किंवा तैलरंगाने अक्षरे रंगवणे मात्र वर्ज्य आहे. त्याने लेख कायमचा बिघडतो.

आता खरी अडचण पाहा. अरबीत नव्वदला ‘तिस्ईन’ आणि सत्तरला ‘सब्ईन’ म्हणतात. दोन्ही शब्द लिहून त्यांचे नुक्ते पुसा. उरलेला आकार सारखाच दिसतो! ‘ते’चे वरचे दोन नुक्ते झिजले किंवा ‘बे’चा खालचा एक नुक्ता चुन्याखाली गेला, तर 991 आणि 971 यांतला फरक कळत नाही.

समजा, एका लेखात असाच संशयित सन आहे आणि मुर्तजा निजामशाहाचे नाव स्पष्ट वाचता येते. मुर्तजाने 1565 ते 1588 या काळात राज्य केले. हिजरी 971 म्हणजे इसवी सन 1563-64. तेव्हा तो गादीवर आलाच नव्हता. म्हणून सन 991 असला पाहिजे. इथे अरबीचा शब्द आणि इतिहासाची सनावळी या दोहोंनी मिळून उत्तर दिले. वाचकाला दोन्ही यावे लागतात.

हे काम पगारी नोकरीतही करता येते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. पण केवळ उर्दू येऊन भागत नाही. अरबी किंवा फारसी घेऊन एम.ए. करावे लागते. अशा पदवीधरांना ग्रेटर नोएडा येथील पुरातत्त्व संस्थेच्या दोन वर्षांच्या पदविकेसाठीही अर्ज करता येतो. तेथे विद्यावेतन मिळते, मात्र जागा पंधराच आहेत. सर्वेक्षणातील पदेही मोजकी असून त्यांची जाहिरात दरवर्षी निघत नाही. ‘नेट’ परीक्षेत कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर संशोधनाच्या काळात पैशाची सोय होते.

म्हणून हाताशी दुसरा मार्ग असावा. पदवीनंतर ग्रंथालयशास्त्राची पदवी एका वर्षात घेता येते. गावच्या अनुदानित वाचनालयात मानधन तुटपुंजे असते. महाविद्यालयात ग्रंथपाल होण्यासाठी पदव्युत्तर पदवी व नेट किंवा सेट लागते.

कागदपत्रांचे कामही आहे. बीड 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे इथल्या जुन्या महसुली नोंदी पुष्कळशा उर्दूत आहेत. 2023 साली न्यायमूर्ती शिंदे समितीने मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधल्या, तेव्हा उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची गरज भासली. असे काम तात्पुरते असते. पण एका नोंदीवर एखाद्या घराचा दाखला अवलंबून असतो. तिथेही एक नुक्ता चुकून चालत नाही.

शब्दार्थ
शिळा – दगड, पत्थर. सनावळी – वर्षांची क्रमवार यादी. वर्ज्य – न करण्यासारखे. तुटपुंजे – फार थोडे.

स्वाध्याय
1. ठशात अक्षरे काळी केव्हा दिसतात?
2. संशयित सन 971 नाही, हे कशावरून ठरले?
3. हिजरी 1000 चा इसवी सन काढा.
4. तुमच्या गावातील एखादा शिलालेख पाहा. त्यावर चुना किंवा रंग आहे का, ते चार-पाच वाक्यांत लिहा.