डोके दुखते, पण गोळी कोणती?

आमच्या मेढ्यात पावसाची झड लागली की दवाखान्यात सर्दी, ताप आणि डोकेदुखीचे रुग्ण वाढतात. बहुतेकजण दुकानातून गोळी घेऊनच आलेले असतात. कोणती, असे विचारले तर "पांढरी होती" एवढेच उत्तर मिळते. म्हणून पाकिटावरील मोठे नाव सोडून त्याखालची बारीक अक्षरे वाचावीत, असे मी सांगतो.

साध्या डोकेदुखीला माझी पहिली पसंती पॅरासिटामॉलला. पोटाला ते सोसते. प्रौढाने ५०० ते १००० मिलिग्रॅम घ्यावे, दोन मात्रांत किमान चार ते सहा तास जाऊ द्यावेत आणि दिवसभरात ४००० मिलिग्रॅमपुढे जाऊ नये. यकृताचा आजार असलेल्यांनी, रोज दारू घेणाऱ्यांनी आणि वजन फारच कमी असलेल्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, ती याहून कमी असते.

घोटाळा होतो तो नकळत. समजा, एकाने सर्दीची गोळी दिवसातून तीनदा घेतली. तिच्यात ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होते. शिवाय डोक्यासाठी ६५०ची गोळी चार वेळा घेतली. १५०० आणि २६०० मिळून ४१०० झाले! असे काही दिवस चालले, जोडीला दारू असली, तर यकृताला इजा होऊ शकते. पहिल्या दिवशी नुसती मळमळ होते किंवा काहीच जाणवत नाही. कावीळ मागाहून दिसते. म्हणून जास्त गोळ्या पोटात गेल्या असतील तर त्रासाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. त्यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो.

आयबुप्रोफेन ही सूज उतरवणारी गोळी. ती ४०० मिलिग्रॅमची, जेवणानंतर घ्यावी; डॉक्टरांना न विचारता दिवसाला तीनहून अधिक नको. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, हृदय अशक्त असणे किंवा गर्भारपण असेल तर ती टाळावी. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडे पडले असतानाही नको. काही गोळ्यांत आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असतात. तिथे दोन्हींचा हिशेब ठेवावा.

ॲस्पिरिन डोकेदुखीवर चालते, एका वेळी ३०० ते ९०० मिलिग्रॅम, दिवसाला ४००० पेक्षा कमी. तरी मी ते क्वचितच सुचवतो, कारण रक्त गोठण्याची क्रिया ते मंदावते. सोळा वर्षांखालील मुलांना ते देऊ नये. तापात दिल्यास मेंदू व यकृताला घातक असा एक दुर्मीळ विकार होऊ शकतो. व्रण असलेल्यांनी व रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनीही टाळावे. ॲस्पिरिनने दमा उसळणाऱ्यांना आयबुप्रोफेनही बाधते.

हृदयासाठी ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नये, आणि डोकेदुखीला आयबुप्रोफेन घेऊ नये. ते त्या ॲस्पिरिनचा गुण कमी करू शकते. अशांना पॅरासिटामॉलच बरे.

पावसाळ्यात तापासह डोके, डोळ्यांमागे दुखू लागले तर डेंग्यूची शंका घ्यावी. रक्ताची तपासणी होईपर्यंत ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन दोन्ही दूर ठेवावीत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.