साहेबांना जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा मेसेज



दिवाळी जवळ आली की आपले गट एमआयडीसीतल्या कंपन्यांमध्ये, शाळांमध्ये, पतसंस्थांमध्ये फराळाचा नमुना घेऊन जातात. तिथे भेटणारी व्यक्ती बहुतेक वेळा ऑर्डर देणारी नसते. एचआरमधल्या मॅडम असतात, स्टोअरमधले दादा असतात, नाहीतर शाळेतल्या क्लार्क बाई. त्यांना चकली आवडते, भावही पटतो. त्या म्हणतात, "साहेबांना विचारून सांगते." आणि मग काहीच कळत नाही.

आपल्याला वाटतं, त्यांनी टाळलं. पण त्यांच्या बाजूने बघा. आपण अर्धा तास बोललो, त्यातलं त्यांच्या लक्षात राहिलं एवढंच, की चकली छान होती आणि भाव चारशेच्या आसपास होता. साहेबांच्या केबिनमध्ये त्यांना मिळतात दोन मिनिटं. साहेब विचारतात, "एकूण किती होतील? वेळेवर देतील का? बिल मिळेल का?" मॅडमना एकाचंही नक्की उत्तर देता येत नाही. त्या म्हणतात, "विचारून सांगते सर." तिथे विषय थांबतो. साहेब मागच्या वर्षीच्याच मिठाईवाल्याला फोन करायला सांगतात, कारण त्यात कुणाला काही विचारावं लागत नाही.

साहेबांपुढे आपली बाजू मॅडमच मांडणार आहेत, आपण तिथे नसणार. म्हणून मांडायचं काय, ते आपणच लिहून द्यायचं. तेही असं, की मॅडमना एक शब्द बदलावा लागू नये.

लिहिण्याआधी मॅडमना चार प्रश्न

मॅडमनी "विचारते" म्हटलं की लगेच घरी परतू नका. तिथेच विचारा:

1. शेवटी हो कोण म्हणतं? एकटे साहेब, की पुढे अकाउंटवाल्यांकडेही जातं?
2. मागच्या वर्षी काय दिलं होतं, आणि माणशी साधारण किती खर्च केला होता?
3. साहेबांना काळजी कशाची वाटेल?
4. साहेब मराठी वाचतात का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. साहेब मराठी वाचत नसतील तर तोच मजकूर गटातल्या शिकलेल्या मुलीकडून हिंदीत किंवा इंग्रजीत लिहून घ्या. आपल्यासाठी भाषांतर करायला मॅडमकडे वेळ नसतो.

समजा, मॅडमनी सांगितलं की कंपनीत 120 कामगार आहेत, मागच्या वर्षी माणशी चारशे रुपयांपर्यंतचा मिठाईचा बॉक्स दिला होता, तो दिवाळीच्या आदल्या दिवशी पोचला आणि तोवर निम्मे कामगार गावी निघून गेले होते. साहेबांना काळजी एकच, वेळेवर मिळेल का. आता आपल्या मेसेजमध्ये सगळ्यात ठळक काय हवं, ते कळलं. चकलीची चव नाही, पोचवायची तारीख.

पुढे जात नाही असा मेसेज

आपण सहसा असं लिहितो:

"नमस्कार मॅडम, काल तुम्हाला भेटून खूप आनंद झाला. तुम्ही आम्हाला वेळ दिलात त्याबद्दल आभारी आहोत. आमच्या गटातील महिला खूप कष्टाळू व गरजू आहेत. आम्ही चकली, लाडू, चिवडा, शेव, अनारसे, करंजी, पापड, कुरडई, लोणची, मसाले बनवतो. भाव वाजवी आहे. कृपया आम्हाला संधी द्यावी."

मेसेज नम्र आहे, पण मॅडमच्या फोनमध्येच राहणार. तो मॅडमना लिहिलेला आहे. साहेबांना पाठवायचा तर "काल भेटून आनंद झाला" याचं काय करायचं? यात दहा पदार्थ आहेत, पण घ्यायचं काय ते नाही. "भाव वाजवी" यावरून एकूण खर्च काढता येत नाही. आणि "गरजू" वाचून साहेब देणगीचा विचार करतील, 120 डब्यांच्या ऑर्डरचा नाही.

पुढे जातो असा मेसेज

आता तोच गट असं लिहितो:

"120 कामगारांसाठी दिवाळी फराळाचा डबा

पोच: 2 नोव्हेंबर, सोमवार, दुपारी 3 पर्यंत, कंपनीच्या गेटवर.
डब्यात: चकली, शंकरपाळे, पोह्यांचा चिवडा, बेसन लाडू. प्रत्येकी 250 ग्रॅम, एकूण 1 किलो.
दर: 400 रुपये डबा, पॅकिंग व पोच धरून. 120 डब्यांचे 48,000 रुपये. 12 ऑक्टोबरपर्यंत ऑर्डर दिल्यास हा दर.
कोण करणार: (गटाचे नाव, गाव), 11 महिला. मागच्या दिवाळीत 85 किलो फराळ केला.
एफएसएसएआय नोंदणी: (14 अंकी नंबर). प्रत्येक डब्यावर वजन, घटक, तयार केल्याची व वापरण्याची शेवटची तारीख.
बिल गटाच्या नावाने. जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे जीएसटी वेगळा लागणार नाही.
ऑर्डरसोबत 24,000, उरलेले 24,000 डबे मोजून घेतल्यावर, गटाच्या बँक खात्यात.
डबा फुटका किंवा माल खराब निघाल्यास दोन दिवसांत बदलून देऊ.

12 ऑक्टोबरपर्यंत डब्यांची संख्या कळवावी. संपर्क: (अध्यक्षांचे नाव व नंबर)"

हा मजकूर आपल्याला कधीच न भेटलेल्या माणसालाही कळतो. मॅडमचं नाव यात कुठेच नाही. पहिली ओळ कंपनीच्या गरजेची आहे, गटाच्या ओळखीची नाही. साहेबांची काळजी होती ती तारीख, वार आणि वेळेसह दुसऱ्याच ओळीत आली. एकूण रक्कम आपणच काढून दिली, म्हणजे साहेबांना गणित करावं लागत नाही आणि मॅडमकडून चूक होत नाही. शेवटी साहेबांनी काय करायचं आणि कधीपर्यंत, ते एका वाक्यात आहे.

दराला मुदत घातली आहे, तिचं कारण तेल. मेसेज एकदा पुढे गेला की तो कोणाकोणाकडे जाईल आणि कधी उघडला जाईल, ते आपल्या हातात राहत नाही. महिन्याने तेलाचा डबा महागल्यावर "तुम्हीच 400 लिहिलं होतं" असं म्हटलं तर आपल्याकडे उत्तर हवं.

आणि लिहायचं ते आधी गटात मोजून. 120 डबे म्हणजे 120 किलो, प्रत्येक पदार्थ 30 किलो. रोज 20 किलो झाला तर सहा दिवस, म्हणजे 27 ऑक्टोबर ते 1 नोव्हेंबर. शंकरपाळे आणि चिवडा आधी, चकली आणि लाडू शेवटी. एवढे दिवस किती जणी येणार, कढया आणि सोऱ्या किती, हे ठरल्याशिवाय तारीख लिहू नका. मागच्या वर्षीचे किलोही आपल्या वहीत असतील तेवढेच लिहा. पहिलीच मोठी ऑर्डर असेल तर ती ओळ गाळा आणि त्याऐवजी रोज किती किलो करता ते लिहा.

पाठवताना

दोन वेगळे मेसेज पाठवा. पहिला मॅडमसाठी, छोटा: "नमस्कार मॅडम, काल वेळ दिलात, आभारी आहोत. खालचा मेसेज साहेबांना जसाच्या तसा पुढे पाठवता येईल. काही बदल हवा असल्यास सांगा, लगेच करून देतो." दुसरा वरचा मजकूर, त्यात एकही जास्तीचा शब्द नाही. दोन्ही एकत्र केले तर मॅडमना कापाकापी करावी लागते, आणि ते काम मग उद्यावर जातं.

बोलून रेकॉर्ड केलेला मेसेज पाठवू नका. साहेब मीटिंगमध्ये तो ऐकणार नाहीत, आणि त्यातला आकडा शोधायला पुन्हा पहिल्यापासून ऐकावा लागतो. डब्याचा एक चांगला फोटो जरूर द्या, पण वजन आणि दर फक्त फोटोवर छापून ठेवू नका. पुढे जाताना फोटो आणि मजकूर यातलं एखादं मागे राहतं. एकट्या मजकुरावरून साहेबांना ठरवता आलं पाहिजे.

नमुन्याचा एक डबा साहेबांसाठी म्हणून वेगळा द्या. मॅडमना मात्र ऑर्डरच्या बदल्यात वेगळं काही देऊ करू नका. ते साहेबांच्या कानावर गेलं तर मॅडमच्या शब्दाला किंमत राहत नाही, आणि आपला आधार तोच शब्द आहे.

उत्तर आलं नाही तर

चार दिवसांनी फोन करा. "झालं का?" असं विचारलं तर मॅडम "अजून नाही" म्हणतील आणि फोन ठेवतील. त्याऐवजी विचारा, "साहेबांनी काही विचारलं का?" समजा त्या म्हणाल्या, "100 डबे घेतले तर दर तोच का, असं विचारत होते." आता कळलं की मेसेज पोचला आणि वाचलाही गेला. याचंही उत्तर पुढे पाठवता येईल असंच द्या: "100 डब्यांनाही दर 400 रुपयेच. एकूण 40,000 रुपये. पोच 2 नोव्हेंबरलाच."

मॅडम म्हणाल्या, "अजून पाठवायचा राहिला," तर मेसेजमध्ये काही अडतंय का, ते विचारा आणि तेवढंच दुरुस्त करून द्या. दोनदा दुरुस्त करूनही तो तिथेच राहिला, तर मॅडमनी फक्त सौजन्य दाखवलं होतं असं समजा आणि दुसरी कंपनी बघा.

मोठ्या कंपनीत मेसेजवर काम संपत नाही. साहेबांनी हो म्हटल्यावर खरेदी विभाग लेटरहेडवर कोटेशन, पॅन आणि गटाच्या खात्याचा रद्द केलेला चेक मागू शकतो. ही कागदं आधीच एका फाईलमध्ये ठेवा. कोटेशनमधले आकडे मेसेजमधल्या आकड्यांशी जुळले पाहिजेत. मेसेजमध्ये पोच धरून 400 आणि कोटेशनमध्ये गाडीभाडं वेगळं असं दिसलं, तर सगळ्यात आधी मॅडमना बोलणी बसतील.

पुढच्या बैठकीत करून बघा

आपल्या एका मालाचा असा मेसेज लिहा आणि तो दुसऱ्या गटातल्या, आपला माल न पाहिलेल्या ताईंना वाचायला द्या. एकदा वाचून झालं की फोन त्यांच्याकडून घ्या आणि विचारा: काय मिळणार, एकूण किती रुपये, कधी मिळणार, आणि साहेबांनी आता काय करायचं? ज्या प्रश्नाला त्या अडखळतील ती ओळ पुन्हा लिहा. चारही उत्तरं न अडखळता आली की मेसेज पाठवायला तयार आहे.