पेवातली ज्वारी

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. गिऱ्हाईक मागतंय, तरी तूर दिवाळीपर्यंत काढायची नाही, असं तू लिहिलंस. त्यावर एक गोष्ट सांगतो. गोष्ट रचलेली आहे, दिवस मात्र खरे आहेत. १९७२ चा दुष्काळ, सोलापूरकडचं गाव, आणि तिथले किराणा दुकानदार आप्पा.

आप्पांनी दोन पेवं भरून ज्वारी ठेवली होती. एका पहाटे वासुदेव आला. आप्पांनी त्याला सूपभर ज्वारी घातली. दान पावल्याचं सांगून तो म्हणाला, "मालक, तुमच्या दारातनं कुणाची पिशवी रिकामी जाऊ नये." भरभराटीचाच आशीर्वाद तो! आप्पा खूश झाले.

भाव चढत होते. त्याच आठवड्यात खडी फोडणारी एक बाई आली. कामाचा पगार अडकला होता, म्हणून तिनं दोन शेर ज्वारी उधार मागितली. आप्पा म्हणाले, "ज्वारी संपली." तिनं पिशवीची घडी घातली, काखेत धरली आणि वाद न घालता गेली. रात्री गल्ला मोजताना आप्पांचा आकडा तीनदा चुकला.

ते एका रात्रीत बदलले नाहीत. आधी त्यांनी रोख देणाऱ्यालाच थोडी ज्वारी काढून दिली. वही मांडली, तर त्या भावातही नफा चांगलाच होता. तरी मनाला तोटा झाल्यासारखं वाटत होतं. पुढच्या महिन्यात वाढू शकणारा भाव त्यांनी आजच आपल्या नावावर जमा धरला होता! मला या गोष्टीत हीच जागा सर्वांत महत्त्वाची वाटते. तुझ्या पत्रातला हिशेबही असाच आहे.

मग त्यांनी दुसरं पेव उघडलं. दोरीनं कंदील आत सोडला, तो विझला. आत कोंडलेली हवा माणूस मारते, म्हणून ते दिवसभर थांबले. दुसऱ्या दिवशी कंदील टिकला तेव्हा गडी उतरला. एका कडेनं पाणी झिरपून ज्वारी काळी पडली होती, कुबट वास येत होता. आप्पांनी चांगली ज्वारी वेगळी काढली आणि त्या बाईला निरोप धाडला. पगार होईपर्यंत खडीवरच्या माणसांना ती ज्वारी वहीवर दिली, चालू भावापेक्षा कमी दरानं, पण नफा ठेवूनच. काही उधारी बुडाली. दुकान चाललं.

सुगीत घेऊन टंचाईत विकणं हा धंदाच आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. दारात गिऱ्हाईक उभं असताना माल नाही म्हणणं वेगळं.

तुझी तूर अख्खी आहे ना? प्रत्येक पोत्याच्या मधोमध हात घालून बघ. गरम लागलं, दाण्यावर पांढरे ठिपके किंवा गोल भोकं दिसली, तर कीड लागली आहे. ते पोतं बाजूला काढ. उरलेल्यातली निम्मी तूर या आठवड्यात भरडून डाळ सुट्टी विकायला लाव, आणि काय दर ठेवलास ते कळव.

तुझा,
काका