एका ओळीत एकच घडी

प्रश्न : मुलांसाठी कागदी पेल्याचा पाऊण मिनिटाचा व्हिडिओ केला. पहिला त्रिकोण सगळ्यांना जमतो, पुढे मात्र वर्ग अडतो. तिथे मी म्हणते, ‘आता दोन्ही कोपरे दुमडा आणि वरचा पदर खाली घेऊन उलटा करा.’ चुकतं कुठे?
— एक शिक्षिका, न्हावरे (ता. शिरूर)

उत्तर : या एका वाक्यात चार कामं आहेत. पहिला कोपरा मुलाच्या हातात असतानाच तुमचा कागद उलटूनही झालेला असतो. पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि सहकाऱ्यांनी टाकाऊतून खेळण्यांचे छोटे चित्रपट केले, ते या दृष्टीने पाहा. पडद्यावर बहुतेक वेळ फक्त हात आणि वस्तू दिसतात, आवाज वेगळा. त्यामुळे तीच दृश्यं अनेक भाषांत बोलता आली.

तुमचा पेला असा सांगता येईल. चौकोनी कागद टोक वर करून ठेवा आणि बोला : ‘खालचं टोक वरच्या टोकावर ठेवा.’ ‘उजवा कोपरा डाव्या कडेवर टेकवा.’ ‘डावा कोपरा उजव्या कडेवर टेकवा.’ ‘वरचा एक पदर पुढे दुमडा.’ ‘कागद उलटा करा.’ ‘उरलेला पदर दुमडा.’ ‘तोंड उघडा.’ कागद उलटणं किरकोळ वाटतं, म्हणून आपण ते आधीच्या घडीला जोडून उरकतो. वर्ग तिथेही हरवतो.

पण खरी अवघड जागा दुसरी ओळ. कोपरा डाव्या कडेवर नेमका कुठे टेकवायचा? दुमडलेल्या भागाची वरची कड खालच्या कडेला समांतर आली, तर जागा बरोबर. कोपरा फार वर किंवा फार खाली गेला, तर ही कड तिरकी दिसते आणि पेला वाकडा होतो. म्हणून इथे एक जादा ओळ द्या : ‘ही कड सरळ आडवी आली का पाहा.’ तेवढ्यात बोट त्या कडेवरून फिरू द्या. बोट फिरणं हीसुद्धा दिसणारी कृतीच.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, याचा फायदा घ्या. ‘उजवा कोपरा’ म्हणताना बोट कोपऱ्यावर ठेवा, ‘टेकवा’ म्हणताना हलवा. घडी दाबून झाली की हात बाजूला घ्या, कागद क्षणभर उघडा दिसू द्या. मगच पुढची ओळ. सात-आठ ओळी पाऊण मिनिटात बसतात. न बसल्या तर वेळ वाढवा, ओळी जोडू नका.

मोबाइल स्वतःच्या खांद्याच्या बाजूने, वरून लावा. समोरून टिपलंत तर तुमचा उजवा कोपरा मुलांना डावीकडे दिसेल. एका बाजूला रंग असलेला कागद घ्या, म्हणजे उलटला की नाही हे लगेच कळतं.

तयार झाल्यावर आवाज बंद करून एका मुलाला दाखवा, मग दुसऱ्याला चित्र न दाखवता फक्त ऐकवा. पहिला अडला तर हातांनी काही लपवलंय. दुसरा जिथे थांबेल तिथली ओळ मोडून दोन करा.