वहीतलं दीड, फोनमधलं अकरा

अगं, आजीची मसाल्यांची वही तू फोटो काढून एआयकडून उतरवून घेणार आहेस, हे ऐकून फार बरं वाटलं. कागद पिवळा पडत चाललाय, हे काम आत्ताच व्हायला हवं. फक्त सुरुवात करण्याआधी माझं थोडं ऐक.

छापलेलं मराठी ही मॉडेल्स बहुतेक वेळा चांगलं वाचतात. पुस्तकाचं स्वच्छ पान असेल तर एखाददुसरा अनुस्वार सोडला तर फारसं काही बिघडत नाही. वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर मात्र दोन रकान्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात का, तेवढं बघ. खरी काळजी हाताने लिहिलेल्याची.

जुनी ओसीआरची साधनं एक-एक अक्षर ओळखायची. अडखळली की मधेच भलतीच चिन्हं उमटायची आणि चूक झाल्याचं लगेच दिसायचं. आताचं मॉडेल तसं अडखळत नाही. ते अक्षरांचे आकार बघतंच, पण या जागी बहुधा कोणता शब्द असेल, हा अंदाजही त्यात मिसळतं. त्यामुळे अक्षर लागलं नाही तरी वाक्य सुरेख येतं, आणि चूक शोधायची कुठे तेच कळत नाही.

आजीच्या गोड्या मसाल्याचंच पान घे. तिने लिहिलंय ‘धणे १॥ किलो’. जुन्या हिशेबाच्या पद्धतीत एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणजे धणे दीड किलो. मॉडेल हे ‘११ किलो’ असं वाचू शकतं. ही चूक निदान आपल्याला खटकते, अकरा किलो धणे कोण घेईल? पण त्याच पानावर तीळ ‘०। किलो’ आहेत, म्हणजे पाव किलो. ते ‘०१’ समजून ‘तीळ १ किलो’ असं उतरलं, तर वाचताना कुणाला शंकाही येणार नाही. घडीवर ‘नागकेशर’मधला ‘नाग’ पुसट झालाय. तिथे ‘केशर’ उतरलं तरी वाक्य छानच वाचलं जातं, मसाला मात्र बिघडतो. शिवाय हाताने लिहिलेले १ आणि ९, घ आणि ध, भ आणि म हे नेहमीचे घोटाळे आहेतच. जिथे शब्द असतो तिथे आजूबाजूच्या मजकुरावरून तो सावरला जातो. आकड्याला असा आधार नसतो, म्हणून आकडेच जास्त चुकतात.

तर असं कर. पान खिडकीच्या उजेडात सपाट ठेव, फोन बरोबर वर धर, स्वतःची सावली पडू देऊ नकोस. मोठा फोटो मॉडेलला देताना बऱ्याचदा आतल्या आत लहान केला जातो आणि बारीक अक्षर तिथेच पुसट होतं. म्हणून गच्च लिहिलेल्या पानाचे वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन फोटो काढ. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला दाबलेला फोटो वापरू नकोस, मूळचाच घे.

मग सांगताना नीट सांग: ‘जसं लिहिलंय तसंच उतरव, शुद्धलेखन सुधारू नकोस, जे वाचता येत नाही तिथे [अस्पष्ट] लिही. आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण.’ याने पुष्कळ फरक पडतो. तरी प्रत्येक शंकेच्या जागी ते प्रामाणिकपणे ‘अस्पष्ट’ लिहील, यावर विसंबू नकोस. तोच फोटो नव्या संभाषणात पुन्हा दे आणि दोन्ही उतारे शेजारी ठेव. जिथे फरक पडेल ती जागा नक्की संशयाची. पण दोन्हीकडे सारखंच आलं म्हणजे बरोबर, असंही नाही, एकच चूक दोनदा होऊ शकते.

तुझ्याच अक्षरात एक चाचणी घेऊन बघ. ‘चहात चमचाभर हिंग घाला’ असं घाईघाईत लिही आणि फोटो दे. ‘हिंग’च्या जागी ‘आलं’ किंवा ‘साखर’ आली, तर समज की तुझं अक्षर वाचताना ते अंदाजावर चाललंय.

वहीच्या मागे चिकटवलेला पणजोबांचा मोडीतला कागद मात्र यात घालू नकोस. मोडीच्या बाबतीत या मॉडेल्सवर भरवसा ठेवता येत नाही, तो मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडेच ने.

आणि उतारा तयार झाला की वही उघडून मोठ्या काकूंजवळ बस. तू आकडे वाच, त्यांना वहीत बघू दे. आजीचं अक्षर त्यांना लागतं. एवढं झाल्याशिवाय धणे-तीळ आणायला कुणाला पाठवू नकोस.